पाऊणशे ओळींत दडलेला खर्च

बँकेच्या स्टेटमेंटमधली यूपीआयची एक ओळ साधारण अशी दिसते:

```
UPI/DR/517203384419/SHREE GA/YESB/paytmqr6k2/Pay
```

पहिल्यांदा स्टेटमेंट उघडणारा माणूस अशा पाच-सहा ओळी बघतो आणि फाइल बंद करून टाकतो. खरं तर ती वाचायला अवघड नाही. DR म्हणजे पैसे खात्यातून गेले, CR असतं तर आले. बारा आकडी संख्या हा त्या व्यवहाराचा क्रमांक. मग पैसे घेणाऱ्याचं नाव, तेही काही अक्षरांवर तोडलेलं, मग त्याच्या बँकेची खूण, त्याचा यूपीआय पत्ता आणि शेवटी शेरा. बँकेबँकेत हा क्रम वेगळा असतो, पण तुकडे बहुधा हेच असतात. ओळ एवढं सगळं सांगते, पण आपल्याला हवं ते सांगत नाही. SHREE GA हे श्री गणेश स्वीट्स की श्री गजानन मेडिकल, आणि तिथे पैसे कशासाठी गेले, हे त्यात नाही. ते आपल्यालाच लिहावं लागतं.

पतपेढीत हिशेब लिहिण्यात माझी नोकरी गेली. तिथे रोजकीर्दीत जे तारखेनं उतरायचं ते नंतर खतावणीत खात्याखात्यानं मांडलं जायचं. बँकेचं स्टेटमेंट ही तुमची रोजकीर्द आहे. २०१६मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं यूपीआय सुरू केलं त्याच्या आधी घरखर्चाची अशी रोजकीर्द कोणाकडेच आपोआप तयार होत नव्हती. एटीएममधून दोन हजार काढले एवढीच नोंद राहायची, पुढे ते कुठे गेले याचा पत्ता नसायचा. आता वीस रुपयांच्या चहाचीही नोंद कुठे ना कुठे होते. राहिली आहे ती फक्त खतावणी, आणि ती करायला महिन्यातून एक संध्याकाळ पुरते.

माझी भाची ठाण्याला दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहते आणि ऐरोलीला नोकरीला जाते. हातात पगार येतो ४२,००० रुपये. "मावशी, मी काही उधळपट्टी करत नाही गं, पण वीस तारखेनंतर जपूनच राहावं लागतं," असं ती म्हणाली, तेव्हा आम्ही तिचा जून महिना मांडायला घेतला. पुढचे आकडे तिच्याच परवानगीनं देते आहे.

पहिला प्रश्न कुठलं स्टेटमेंट घ्यायचं हा. ती फोनपेमधली यादी उघडत होती. ती घेऊ नका. प्रत्येक अ‍ॅप फक्त स्वतःमधून झालेले व्यवहार दाखवतं, आणि हल्ली एकाच खात्यावर दोन-तीन अ‍ॅप चालवणारे पुष्कळ आहेत. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये मात्र त्या खात्यातून गेलेलं सगळं एकत्र मिळतं. नेटबँकिंगमधून ते एक्सेल किंवा सीएसव्ही स्वरूपात उतरवता आलं तर उत्तम, कारण पीडीएफमधून आकडे उचलताना रकाने सरकतात. महिना एक तारखेपासूनच धरला पाहिजे असंही नाही. पगार २८ला होत असेल तर २८ ते २७ धरा, म्हणजे एका पगाराचा खर्च एकाच कागदावर येईल.

दोन गोष्टी मात्र या स्टेटमेंटमध्ये दिसत नाहीत. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून क्यूआर स्कॅन केला असेल, तर तो खर्च कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये जातो. बँकेच्या खात्यात नंतर फक्त बिल भरल्याची एकच मोठी ओळ येते. दुसरं यूपीआय लाइट. त्यात आपण आधी पैसे भरून ठेवतो, जास्तीत जास्त ५,००० रुपये शिल्लक ठेवता येते आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंत पिन न टाकता देता येतात. बँकेला दिसतं ते फक्त पैसे भरणं. त्यातून केलेली चहा-वड्यांची पेमेंट अ‍ॅपच्याच इतिहासात राहतात. आपण शोधायला निघतो ते लहानसहान खर्च, आणि तेच नेमके इथे असतात, म्हणून लाइटची यादी वेगळी काढून जोडायलाच हवी.

भाचीच्या जूनमध्ये यूपीआयनं पैसे गेल्याच्या ७५ ओळी निघाल्या, पाऊणशे. बेरीज ३८,६०६ रुपये. बेरीज बघून ती चपापलीच. पण ही बेरीज म्हणजे खर्च नव्हे. नवखी माणसं सगळ्यात जास्त इथे फसतात, म्हणून खाती पाडायच्या आधी ओळी निवडून घ्याव्या लागतात.

त्या ७५मधली एक ओळ ५,००० रुपयांची होती. ते तिनं स्वतःच्याच दुसऱ्या बँकेतल्या खात्यात बचतीसाठी पाठवले होते. पैसे घरातच राहिले, खर्च झाला नाही. दुसरी ओळ १,८०० रुपयांची, चौघींच्या जेवणाची. बिल हिनं भरलं आणि तिघींनी प्रत्येकी ४५० परत पाठवले. म्हणजे तिचा खर्च ४५०, आणि १,३५० वजा. हे परत आलेले पैसे जमेच्या रकान्यात असतात. नुसता नावेचा रकाना बघणाऱ्याच्या ते ध्यानातच येत नाहीत. तिसरी ओळ ६४९ रुपयांची, रद्द केलेल्या ऑर्डरची. तीन दिवसांनी तेवढीच रक्कम जमेला दिसली. अशा जोड्या लावताना नीट बघा, कारण पैसे कापले गेले पण व्यवहार फसला, अशा ओळीही इथेच सापडतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार फसलेला व्यवहार व्यक्तीला पैसे पाठवण्याचा असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला देण्याचा असेल तर पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं द्यायची असते. जोडीतली जमेची ओळ सापडली नाही, तर तो बारा आकडी क्रमांक घेऊन बँकेकडे तक्रार करायची.

उरलं लाइट. महिन्यात चार वेळा ५०० रुपये भरले होते, म्हणजे २,०००. अ‍ॅपमधून यादी काढली तेव्हा त्यातले १,७०० खर्च झाले होते, ६४ वेळा. ३०० अजून लाइटमध्येच पडून होते, तेही खर्चातून वजा केले. ५,०००, १,३५०, ६४९ आणि ३०० वगळल्यावर खरा खर्च निघाला ३१,३०७ रुपये. हा आकडा पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचा. सगळ्या खात्यांची बेरीज शेवटी एवढीच यायला हवी. ताळा जुळला नाही तर एखादी ओळ सुटली आहे किंवा दोनदा धरली आहे.

आता खाती. इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. खातं दुकानावरून पाडू नका, आपण तो खर्च कसा ठरवतो त्यावरून पाडा. यूपीआय अ‍ॅप आणि खर्च मोजणारी अ‍ॅपसुद्धा आपोआप वर्गवारी करून देतात, पण ती दुकानाच्या प्रकारावरून. प्रत्येक नोंदणीकृत दुकानाला चार आकडी कोड असतो. किराणा ५४११, खानावळ ५८१२, औषधांचं दुकान ५९१२. घरपोच सामान देणाऱ्या अ‍ॅपला एकच कोड. तुम्ही तिथून सकाळचं दूध घ्या, मोबाइलचा चार्जर घ्या, नाहीतर रात्रीचं आइस्क्रीम, सगळं एकाच नावाखाली पडणार. आणि कोपऱ्यावरच्या भाजीवालीचा क्यूआर तिच्या मुलाच्या वैयक्तिक खात्याचा असेल, तर अ‍ॅपच्या लेखी तुम्ही कुणा ओळखीच्याला पैसे पाठवलेत. अशा वर्गवारीत रंगीत गोल छान दिसतो, पण त्यावरून काही ठरवता येत नाही.

भाचीनंही सुरुवातीला दुकानावरूनच खाती पाडली. किराणा, भाजी आणि घरपोच सामान असं सगळं तिनं एका खात्यात घातलं, बेरीज आली ७,५०५. "एवढं तर लागतंच की," ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं. खायला लागतं त्या खर्चावर कोणी शंका घेत नाही, आणि म्हणूनच गळती अशा लागणाऱ्या खर्चाच्या पोटात सुखानं राहते. मी तिला ते खातं फोडायला सांगितलं. रविवारी यादी करून बाजारातून आणलेलं ते 'किराणा-भाजी', आणि अ‍ॅपवरून मागवलेलं ते 'घरपोच'. दोन्हीकडे माल तोच असेल, पण पहिल्यात आपण आठवड्याचा विचार करून जातो, दुसऱ्यात आयत्या वेळी बोट दाबतो. हे दोन वेगळे निर्णय आहेत, म्हणून खातीही दोन. याच न्यायानं भाडं, आईला पाठवायचे पैसे, बिलं, प्रवास, बाहेरचं जेवण, चहा-नाश्ता, ऑटोपे, औषधं आणि इतर अशी एकूण अकरा खाती झाली. सुरुवातीला याहून जास्त पाडू नयेत. बारीक खाती पाडत बसलं की प्रत्येक ओळीशी अडायला होतं आणि काम अर्ध्यात सुटतं.

एक्सेलमध्ये किंवा गूगल शीट्समध्ये A रकान्यात तारीख, B मध्ये ती लांबलचक ओळ, C मध्ये गेलेले पैसे, D मध्ये आलेले असं ठेवून E या नव्या रकान्यात प्रत्येक ओळीसमोर खात्याचं नाव लिहायचं. लाइटमध्ये पैसे भरल्याच्या चार ओळी काढून त्यांच्या जागी लाइटची यादी खाली चिकटवायची. परत आलेल्या पैशांच्या ओळीलाही त्याच खात्याचं नाव द्यायचं. मग कुठल्याही खात्याची बेरीज आणि वेळा अशा मिळतात:

```
=SUMIF(E:E,"घरपोच",C:C)-SUMIF(E:E,"घरपोच",D:D)
=COUNTIFS(E:E,"घरपोच",C:C,">0")
```

पहिल्या सूत्रात गेलेल्यातून आलेले वजा होतात, दुसऱ्यात फक्त पैसे गेल्याच्या ओळी मोजल्या जातात. खात्याचं नाव सगळीकडे अगदी सारखं लिहायला हवं, 'घरपोच' आणि 'घर पोच' ही संगणकाच्या लेखी दोन खाती होतात. बेरीज शून्य दाखवत असेल तर बहुधा बँकेच्या फाइलमधले आकडे मजकूर म्हणून आले आहेत. असे आकडे घराच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसतात. त्यांतले स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा शोधून काढून टाकल्या की बहुतेक वेळा बेरीज लागते. संगणक नको असेल तर वहीच्या जोडपानावर प्रत्येक खात्याचा उभा रकाना आखा, रक्कम लिहा आणि तळाशी चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी मारत वेळा मोजा. ७५ ओळींना वही पुरेशी आहे.

वेळा मोजणं मी सोडू देत नाही. नुसत्या रकमा उतरत्या क्रमानं लावल्या तर वर येतं भाडं, ९,५०० रुपये, एकदा. त्याखाली आई, ४,०००, एकदा. त्यात या महिन्यात काही करण्यासारखं नाही आणि करूही नये. गळती अशा खात्यात असते जिथे पैसे पुन्हा पुन्हा जातात आणि दर वेळी रक्कम इतकी असते की विचार करावासा वाटत नाही. म्हणून रकमेच्या शेजारी वेळा लिहायच्या आणि आधी ज्यांच्या वेळा जास्त ती खाती बघायची. भाचीची तीन खाती तशी निघाली. चहा-नाश्ता ३८ वेळा, १,१८० रुपये. प्रवास ३७ वेळा, २,८३०. घरपोच १९ वेळा, ४,०८५.

वेळा जास्त म्हणजे गळती, असंही नाही. चहा-नाश्त्याचे ३८ आकडे दिसताच ती म्हणाली, "चहा बंद करते." मला ते पटलं नाही. सरासरी ३१ रुपये पडले, त्यात ऑफिसखालचा वडापाव आहे, सहकाऱ्यांबरोबरचा चारचा चहा आहे. त्याचं तिला मोल आहे आणि तो ठरवून घेतलेला आहे. खर्चाच्या हिशेबात सगळ्यात आधी चहावर कुऱ्हाड पडते, कारण तो सगळ्यात जास्त वेळा दिसतो. तो बंद करून हजार-बाराशे वाचतात आणि दहा दिवसांत माणूस हिशेबालाच कंटाळतो.

प्रवासाचं तारखा बघून उलगडलं. ३७ पैकी २६ ओळी स्टेशनपर्यंतच्या वीस रुपयांच्या शेअर रिक्षाच्या, म्हणजे ५२० रुपये. एक लोकलच्या पासाची. उरलेल्या दहा अ‍ॅपवरून बोलावलेल्या रिक्षांच्या, आणि त्यांतल्या सात ज्या दिवशी मुसळधार पाऊस होता त्या दिवसांच्या. तिनं मोबाइलमधले त्या तारखांचे फोटो आणि मेसेज बघून हे ताडून पाहिलं. पावसात छत्री घेऊन शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा रिक्षा बोलावली, यात चूक काही नाही, आणि ऑक्टोबरात हा आकडा आपोआप खाली येईल. हे खातं तसंच ठेवलं.

घरपोच खात्यात मात्र थांबावं लागलं. स्टेटमेंट इथे मदत करत नाही, कारण त्यात तारीख आणि रक्कम एवढंच असतं. यूपीआय अ‍ॅपच्या इतिहासात व्यवहाराची वेळही दिसते, आणि सामान देणाऱ्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक ऑर्डरचं बिल. आम्ही एकोणीसही बिलं उघडली. १७ जून, रात्री ९ वाजून ४८ मिनिटं: अर्धा लिटर दूध आणि ब्रेड, मिळून ८४ रुपये. एवढ्याशा ऑर्डरवर डिलिव्हरीचे आणि लहान ऑर्डरचे जादा पैसे मिळून ४५ लागत होते. ते वाचवायला तिनं ११५ रुपयांचे वेफर्स आणि आइस्क्रीम घातलं, तरी हँडलिंगचे १२ लागलेच. बिल २११. दूध-ब्रेड हवं होतं ८४ रुपयांचं, वरचे १२७ रुपये ४५ वाचवण्याच्या नादात गेले.

प्रत्येक बिलाचे असे तीन भाग केले. खरोखर हवा होता तो माल, रक्कम भरावी म्हणून घातलेला माल आणि वरचे आकार. महिन्याची बेरीज झाली २,०३५, १,२९० आणि ७६०. म्हणजे ४,०८५ पैकी २,०५० रुपये तिला नको असलेल्या गोष्टींवर गेले होते. तेही कधी एका वेळी ठसठशीतपणे गेले नाहीत, सरासरी २१५ रुपयांच्या बिलाआड लपून गेले. आणखी एक गोष्ट वेळा लिहिल्यावर दिसली. १९ पैकी १३ ऑर्डरी रात्री साडेनऊनंतरच्या. ती पावणेनऊला घरी येते, स्वयंपाक होतो, मग उद्याच्या चहाला दूध नाही हे लक्षात येतं. तेव्हा इमारतीखालचं दुकान बंद झालेलं असतं.

इथे मी जरा रेंगाळले, कारण कारण सापडलं नाही तर खतावणी अर्धवट राहते. 'घरपोच कमी करायचं' असं ठरवून काही होत नाही, रात्री पावणेदहाला दूध नसतंच. तिनं खालच्या दुकानदाराला सकाळची अर्ध्या लिटरची पिशवी दाराशी लावायला सांगितली. अंडी आणि ब्रेड रविवारच्या यादीत घेतले. अ‍ॅप मोबाइलमध्येच ठेवलं, कारण रात्री ताप आला तर ते हाताशी असणं तिला हवं आहे.

ऑटोपेचं खातं याच्या अगदी उलट वागतं. वेळा फक्त चार, रकमा १९९, १४९, ९९ आणि २९९, बेरीज ७४६. हे पैसे द्यायला बोटही दाबावं लागत नाही. सुरुवातीला एकदा पिन टाकून परवानगी दिली की १५,००० रुपयांपर्यंतचे पुढचे हप्ते साधारणपणे पिन न विचारता कापले जातात. कापायच्या २४ तास आधी सूचना येते, पण ती ऑफर्सच्या गर्दीत वाचली जात नाही. भाचीच्या चारपैकी दोन चालू वापरातल्या होत्या. १४९ची गाण्यांची सेवा तिनं मार्चपासून उघडली नव्हती. २९९चं व्यायामाचं अ‍ॅप तिनं दोन रुपयांत आठवडाभर वापरून बघण्यासाठी घेतलं होतं. ते दोन रुपये देताना टाकलेल्या पिननंच पुढच्या महिन्यांची परवानगी गेली होती. पैसे घेणाऱ्याच्या जागी सेवेचं नाव नसून तिच्यासाठी वसुली करणाऱ्या कंपनीचं नाव असू शकतं, म्हणून ही ओळ ओळखू येत नाही. दर महिन्याला साधारण त्याच तारखेला तेवढीच रक्कम जात असेल, तर आधी हाच संशय घ्यावा.

अशा परवानग्या बंद करायला यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट नावाचा भाग असतो. तिथे चालू परवानग्यांची यादी दिसते आणि एकेक थांबवता किंवा रद्द करता येते. दोन-तीन अ‍ॅप वापरत असाल तर प्रत्येकातली यादी बघा. सेवेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन सदस्यत्वही बंद करा, नाहीतर ते दुसऱ्या मार्गानं पैसे मागत राहतात. दोन परवानग्या रद्द झाल्या, महिन्याचे ४४८ रुपये सुटले.

शेवटी उरतं 'इतर'. मला या खात्याचा पहिल्यापासून राग आहे. पतपेढीत 'किरकोळ खर्च' फुगला की वरिष्ठ वही परत पाठवायचे. घरच्या हिशेबातही 'इतर' एकूण खर्चाच्या पाच टक्क्यांपुढे गेलं, तर खतावणी झालेली नाही असं समजावं. भाचीचं सुरुवातीला तीन हजारांच्या घरात होतं. ओळी ओळखायला काही खुणा उपयोगी पडतात. पत्त्यात paytmqr, bharatpe असं काही असेल, किंवा Q अक्षरापुढे आकडे असतील, तर तो दुकानातला क्यूआर असतो. मोबाइल नंबर असेल तर बहुधा व्यक्ती. मग रक्कम आणि वेळ बघायची. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठच्या सुमारास वीस रुपये एखाद्या अनोळखी नावाला जात असतील, तर तो रिक्षावाला. एकदा ओळखलेलं नाव वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं की पुढच्या महिन्यात निम्मं काम झालेलं असतं. या गाळणीतून शेवटी सहा ओळी आणि १,१५० रुपये उरले, ते चार टक्क्यांच्या आत बसले. याहून सोपा उपाय पैसे देतानाच करता येतो. रकमेखाली शेरा लिहायची जागा असते, तिथे milk, bhaji, gift एवढा एक शब्द टाकायचा. बऱ्याच बँकांच्या स्टेटमेंटमध्ये तो ओळीच्या शेवटी उमटतो. आपण काही लिहिलं नाही की तिथे नुसतं Pay राहतं, वरच्या ओळीत दिसतं तसं.

एक काळजी घ्या. खर्चाची वर्गवारी करून देतो म्हणणाऱ्या कुठल्याही अनोळखी अ‍ॅपवर हे स्टेटमेंट चढवू नका आणि त्याला मेसेज वाचायची परवानगी देऊ नका. स्टेटमेंटवर खातेक्रमांक असतो, पत्ता असतो, आणि बँकेच्या मेसेजमध्ये ओटीपीही येतात. वही किंवा स्वतःच्या संगणकातली शीट यात काही कमी नाही.

भाचीला जूनमध्ये सापडले ते २,०५० आणि ४४८, मिळून अडीच हजाराला दोन रुपये कमी. तिनं लगेच बाराने गुणून वर्षाचे तीस हजार काढले. मी तो आकडा खोडायला लावला. एका महिन्यावरून वर्ष सांगता येत नाही. जूनमध्ये विम्याचा हप्ता नव्हता, गणपती नव्हते, कोणाचं लग्न नव्हतं, आणि पाऊस होता. रोखीनं दिलेले पैसे या कागदावर आलेच नाहीत, तिची कामवाली बाई रोखच घेते. शिवाय घरपोचमधले १,२९० रुपये पूर्ण वाचणार नाहीत, वेफर्स तिला आवडतात. म्हणून जुलै आणि ऑगस्टलाही हीच अकरा खाती, याच नावांनी ठेवायची असं ठरलं, म्हणजे तीन महिने शेजारी शेजारी लावता येतील. जुलैत सगळ्या ओळी पुन्हा मांडायच्या, पण बारकाईनं बघायच्या त्या दोनच गोष्टी: घरपोच किती वेळा झालं, आणि ऑटोपेमध्ये नवीन ओळ आली का.